दिवाळीचा खवा आषाढात का सांगायचा? : उमापूरहून, एका मिठाईवाल्याचा हिशोब

कानात इयरफोन लावून गाडीवर निघाला असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, कारण आज थोडे आकडे आहेत. जास्त नाहीत. चहा संपेपर्यंत समजतील एवढेच.

मी गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा. आमचं मिठाई-फरसाणचं दुकान आहे. लहानच आहे, पण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या, तांडे सगळे इथंच बाजाराला येतात. तुमच्यातले बरेच जण मेसेज करतात की, "दादा, सणाच्या आधी पुरवठादाराला माल राखून ठेवायला सांगतो, तो 'हो' म्हणतो आणि ऐन टायमाला हात वर करतो. काय करावं?" कुणाचं कपड्याचं दुकान आहे, कुणाचं मोबाईल अॅक्सेसरीजचं, कुणी घरून फराळ विकतंय. मी माझ्या धंद्यातलंच सांगतो, म्हणजे खव्याचं. त्यातून तुमचं तुम्ही काढा.

आधी एक फरक डोक्यात पक्का करू. "माल राखून ठेव" आणि "हात राखून ठेव" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठाईचे बॉक्स, साखर, तेलाचे डबे हा माल आज बनतो आणि दोन महिने गोडाऊनला पडून राहतो. तो राखता येतो. खवा तसा राहत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबट वास येतो, वर बुरशी धरते. म्हणून खवेवाल्याला "माझा १४० किलो खवा बाजूला ठेवा" असं जुलैत म्हणण्यात काही अर्थच नाही. त्याच्याकडे बाजूला ठेवायला काही नसतंच. आपण त्याच्याकडून मागतो ते त्या अमुक दिवशीचं दूध, त्याची भट्टी आणि त्याच्या माणसाचे हात. हे ज्याला कळलं त्याचं बोलणंच बदलतं. तो "किती किलो" एवढंच विचारत नाही, तो "कोणत्या दिवशी किती किलो" असं विचारतो.

आमचा खवा भूम तालुक्याच्या बाजूने येतो. कुंथलगिरीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जैनांचं मोठं तीर्थक्षेत्र, आणि सोलापूर-धुळे रस्त्याने जाताना ज्याचा पेढा घेतल्याशिवाय लोक पुढं जात नाहीत ते गाव. तिथल्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात बागायत कमी, म्हणून घरोघरी जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. आम्ही ज्यांच्याकडून घेतो त्यांना मी नाना म्हणतो. वडिलांच्या वेळेपासूनचा व्यवहार आहे.

आता हिशोब बघा. म्हशीचं दूध असेल तर साधारण पाच लिटर आटवल्यावर एक किलो खवा पडतो. गायीचं असेल तर साडेपाच-सहा लिटर लागतं. नानांच्या भट्टीवर रोज सरासरी ३०० लिटर म्हशीचं दूध येतं. म्हणजे दिवसाला ६० किलो खवा. त्यातला ३५ किलो त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकांचा, हॉटेलवाल्यांचा. तो ते दिवाळीतही तोडणार नाहीत, आणि तोडूही नये. राहिला किती? दिवसाला २५ किलो. माझ्यासाठी नानांची खरी क्षमता ही २५ आहे, ६० नाही.

आणि माझी गरज किती? माझ्या वहीत मागच्या तीन दिवाळ्यांचा रोजचा खवा लिहिलेला आहे. सहा दिवसांचा मिळून १४० किलो. पण दिवसानुसार बघा: वसुबारसेला १०, धनत्रयोदशीला २०, नरक चतुर्दशीला ३०, लक्ष्मीपूजनाला ४०, मग पाडव्याला २० आणि भाऊबीजेला २०. सहा दिवसांचं सरासरी काढलं तर रोजचे तेवीस-चोवीस किलो येतात. नानांकडे २५ आहेत. म्हणजे कागदावर सगळं छान बसतंय! आणि इथंच माणूस फसतो. सरासरी बसते, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी १५ किलो कमी पडतात आणि त्याच्या आदल्या टप्प्याला ५ किलो. एकूण तूट २० किलोची. गिऱ्हाईक दुकानात उभं असताना त्याला सरासरी दाखवता येत नाही.

ही २० किलोची तूट आधीच दिसली म्हणून तिच्यावर उपाय आहे. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी, चार दिवस रोज ५ किलो खवा जास्तीचा करून घ्यायचा. झाले २० किलो. तो गार करून, हवा लागणार नाही असा बांधून लगेच डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशाला टाकायचा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नाही, डीप फ्रीजरमध्ये. हा खवा काढल्यावर थोडा रवाळ, भुरभुरीत लागतो, म्हणून तो गुलाबजाम आणि बर्फीला वापरायचा. पेढ्याला ताजाच घ्यायचा, कारण पेढ्यात खव्याची चव लपत नाही. म्हणजे काय झालं? शिखरावरची गर्दी आपण आधीच्या मोकळ्या दिवसांवर नेऊन टाकली. नानांनाही ते परवडतं, कारण आधीच्या दिवसांत त्यांचं जास्तीचं दूध डेअरीलाच जात असतं.

आता हे सांगायचं कधी? आमच्याकडे आषाढात. म्हणजे राखीच्या आधी. का? कारण राखी आणि गणपती या आपल्या दोन तालमी आहेत. यंदा, २०२६ मध्ये, राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. राखीला नानांनी सांगितलेल्या दिवशी सांगितलेलं वजन दिलं का, हे बघायचं. नाही दिलं तर दिवाळीला दोन महिने हातात आहेत, दुसरी भट्टी शोधता येते. दसऱ्याला पहिल्यांदा फोन करणाऱ्याला तालीमच मिळत नाही, थेट नाटकच.

तारखेचं अजून एक. "मागच्या वर्षी याच तारखेला घेतला होता" असं कधी करू नका. लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि यंदा अधिक महिना आल्यामुळे ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस पुढं. खव्याच्या बाबतीत ही चांगली बातमी आहे. म्हशी पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी आणि हिवाळ्याच्या तोंडाला जास्त विततात. त्यामुळे नोव्हेंबरात दूध वाढलेलं असतं, गणपतीत तेवढं नसतं. उशिराची दिवाळी म्हणजे भट्टीवर जास्त दूध.

पण गिऱ्हाइकाच्या बाजूने तीच तारीख उलटी पडू शकते. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. कारखान्याचं गाळप सुरू होण्याची तारीख मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. २०२५ ला हंगाम १ नोव्हेंबरपासून होता आणि दिवाळी त्याच्या आधी झाली. लोकांनी घरी दिवाळी केली, मग टोळ्या निघाल्या. यंदा लक्ष्मीपूजनच ८ नोव्हेंबरला आहे. हंगाम पुन्हा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत सुरू झाला, तर कित्येक घरं दिवाळीच्या आधीच कुलूप लावून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतील. मग माझी गर्दी दोन तुकड्यांत होईल. एक तुकडा टोळ्या निघायच्या आधीचा, त्यात फरसाण-शेव जास्त, टिकणारा माल. दुसरा दिवाळीचा, मागं राहिलेल्या लोकांचा, तो लहान. म्हणून यंदा मी नानांना १४० चा शब्द दिलेला नाही. १०० पक्के आणि ४० राखीव, असं सांगितलंय. राखीव ४० चं काय करायचं ते मी १५ ऑक्टोबरपर्यंत कळवणार.

ही "मोकळं करायची तारीख" फार महत्त्वाची आहे. आपण पुरवठादाराला म्हणतो, "राखून ठेवा," आणि विसरून जातो. तो बिचारा चार गिऱ्हाइकं परत पाठवतो. मग आपण कमी उचललं की त्याचं दूध डेअरीच्या भावाने जातं. पुढच्या वर्षी तो आपल्याला "हो" म्हणतो आणि माल दुसऱ्यालाच देतो. त्याचं चुकत नाही.

आता पैसे. इसार दिल्याशिवाय राखीव काही नसतं, नुसतं गोड बोलणं असतं. आपल्या भागाला हे समजावून सांगायची गरज नाही. मुकादम उन्हाळ्यातच कोयत्यामागं उचल देतो, म्हणजे तो काय करतो? हंगामातले हात आधीच राखून ठेवतो. पण त्या उचलीचे वाद का होतात तेही आपण बघतोच. किती दिली, किती फिटली, काम झालं नाही तर उरलेल्याचं काय, हे कागदावर नसतं आणि बाकी वर्षानुवर्षे मागं लागते. आपला इसार तसा नको.

मी असं करतो. समजा दूध ६० रुपये लिटर आहे. पाच लिटरचे ३०० झाले, त्यावर भट्टीची मजुरी, सरपण धरून ४० रुपये. खवा पडला ३४० रुपये किलो. मी नानांना ३४० चा भाव पक्का करा म्हणत नाही. दुधाचा भाव दिवाळीत काय असेल हे त्यांच्याही हातात नाही, आणि त्यांना तोट्यात बांधलं की ते मालात हात आखडणार. म्हणून दूध त्या आठवड्याच्या भावाने, पण ४० रुपये मजुरी आजच ठरलेली. इसार किलोमागं ७५ रुपये. १४० किलोचे झाले १०,५००. आणि तो रोजच्या बिलातून किलोमागं ७५ असाच वजा होतो. पहिल्याच दिवशी सगळा वजा केला तर त्यांचा माझ्यावरचा धरबंध जातो, शेवटी करायचा ठरवला तर माझा त्यांच्यावरचा. रोज सारखा वजा झाला की दोघंही शेवटच्या दिवसापर्यंत बांधलेले.

बोलणं समोरासमोर करायचं. नानांच्या ओसरीवर बसून, चहा घेऊन. पण घरी येऊन त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं. माझा मेसेज असा असतो:

"नाना, रामराम. आज बोलल्याप्रमाणे लिहितो. दिवाळीसाठी एकूण १०० किलो पक्का, ४० किलो राखीव. राखीवचं १५ ऑक्टोबरपर्यंत कळवतो, नाही कळवलं तर तुम्ही मोकळे. कोणत्या दिवशी किती ते खाली लिहिलंय. एका दिवशी २५ किलोच्या वर मागणार नाही. मजुरी ४० रुपये, दूध त्या आठवड्याच्या भावाने. इसार आज पाठवला, रोज किलोमागं ७५ वजा. दूध कमी पडेल असं वाटलं तर पंधरा दिवस आधी सांगा, मी राग मानणार नाही. बरोबर असेल तर 'बरोबर' एवढं लिहा."

शेवटून दुसरं वाक्य परत वाचा. पुरवठादार वाईट बातमी का लपवतो? आपण चिडू म्हणून. ती भीती काढली की फोन लवकर येतो.

हे नुसतं बोलायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंय. भूम, परंडा, वाशी, इकडे आपलं गेवराई, गोदाकाठ, सगळीकडे अतिवृष्टी. जनावरं वाहून गेली, चारा सडला. २४ सप्टेंबरला नानांचा फोन आला. "बाळा, माझ्या पाच गवळ्यांची जनावरं गेली. कडबा राहिला नाही. दिवाळीला निम्माच देऊ शकेन." दिवाळीला जवळजवळ चार आठवडे होते. १४० चे ७० झाले. मी त्याच दिवशी शेवगावच्या बाजूच्या दुसऱ्या भट्टीला बोललो. त्यांच्याशी राखीपासून थोडा-थोडा व्यवहार चालू ठेवलेला होता. तिथून २५ मिळाले. एकूण ९५. खव्याचा माल कमी करून बेसनाचा वाढवला. खरं सांगायचं तर लोकांच्या हातात पैसाही नव्हता, ज्यांची कपाशी पाण्यात गेली ते पेढे किती घेणार? ९५ पुरले. नानांकडे इसाराचे ७० किलोचे ५,२५० राहिले होते. ते मी मागितले नाहीत. डिसेंबरपासून लग्नसराईच्या मालात ते फिटले.

यातून दोन गोष्टी घ्या. दुसरा पुरवठादार ठेवा, पण तो वेगळ्या खोऱ्यातला, वेगळ्या रस्त्यावरचा ठेवा. एकाच नदीकाठच्या दोन भट्ट्या म्हणजे एकच भट्टी. आणि दुसऱ्याला फक्त अडचणीत फोन करू नका. वर्षभर थोडा माल त्याच्याकडून घ्या, नाहीतर त्याच्यासाठी तुम्ही रस्त्यावरचं गिऱ्हाईक.

आता, समोरचा खोटा "हो" म्हणतोय हे कसं ओळखायचं? "टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल," असं चटकन उत्तर आलं की मी तीन प्रश्न विचारतो. रोज दूध किती लिटर येतं? किती गवळ्यांकडून? त्या दिवसासाठी आधी कुणाकुणाला शब्द दिलाय? नावं नको, किलो सांगा. मग पाचने भागतो. ३०० लिटरवाला माणूस ९० किलोचे शब्द देऊन बसला असेल, तर उरलेले ३० किलो कुठून येणार? एकतर कुणाला तरी मिळणार नाही, किंवा त्यात काहीतरी मिसळलं जाणार.

तीच भागाकाराची कसोटी भावालाही लावा. दूध ६० रुपये असताना कुणी २२० रुपये किलोने खवा देत असेल, तर नुसत्या दुधाचेच ३०० होतात. मग तो खवा नाही. पिठाची भेसळ दुकानातही कळते. थोडा खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि मेडिकलमधल्या आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. याने सगळी भेसळ कळत नाही, वनस्पती तूप घातलेलं असलं तर याने दिसणार नाही. पण बनवाबनवीचा सगळ्यात स्वस्त प्रकार इथंच पकडला जातो. आणि लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर "कधीपर्यंत खावी" ती तारीख लिहिणं बंधनकारक आहे. तारीख आपल्या नावावर जाते, म्हणून खवा कोणत्या दिवशी आटवला हे पुरवठादाराकडून लिहूनच घ्या.

शेवटी टिकणाऱ्या मालाचं थोडक्यात. सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. १४ तारखेपासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. दिवाळी दीड महिन्यावर होती आणि डब्याचे भाव चढले. ज्यांनी "वीस डबे बाजूला ठेवा" एवढंच तोंडी म्हटलं होतं, त्यांना "डबे आहेत, पण आजच्या भावाने" असं ऐकावं लागलं. यात व्यापाऱ्याने शब्द मोडला असं नाही. शब्द फक्त डब्याचा होता, भावाचा नव्हताच. म्हणून टिकणाऱ्या मालात दोन्ही लिहून घ्या: किती डबे आणि कोणत्या भावाने. भाव धरून ठेवायचा असेल तर बहुतेक वेळा पूर्ण पैसे भरावे लागतात. पैसे अडकवायची ताकद असेल तेवढेच डबे घ्या, बाकीचे बाजारभावाने.

बॉक्सचंही तसंच. छपाईवाल्याकडे गणपतीनंतर रांग लागते, म्हणून ऑर्डर त्याआधी. पण बॉक्सवर "दीपावली २०२६" छापू नका. फक्त दुकानाचं नाव छापा, उरलेले लग्नसराईत जातात. पैसे भरून माल त्यांच्याच गोडाऊनला ठेवत असाल, तर आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या गठ्ठ्यांचा फोटो मागवून घ्या. गठ्ठे मोजता येतील असा फोटो.

तर यंदाचं काम या आठवड्यात एवढंच: मागच्या दिवाळीची वही उघडा, रोजचा आकडा वेगळा लिहा आणि सगळ्यात मोठा दिवस कोणता ते शोधा. वही नसेल तर फोनमध्ये यूपीआयच्या नोंदी आहेत, त्यावरूनही दिवसाचा अंदाज निघतो. तो एक आकडा हातात घेऊन मग पुरवठादाराकडे जा.

तुमच्या धंद्यात "हात राखायचे" की "माल राखायचा", ते कमेंटमध्ये लिहा. शिंपी, मंडपवाले, बॅन्डवाले, तुमचंही ऐकायचंय. पुढच्या भागात भेटू. रामराम.